गॅस पेटवायच्या आधी: रेसिपी कशी वाचायची आणि चिरलेलं सामान कसं मांडायचं

पहिल्यांदा स्वयंपाक करणाऱ्यांचं जे बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच टप्प्यात बिघडतं, तेल तापल्यापासून कढईत टोमॅटो किंवा पाणी पडेपर्यंतच्या मधल्या काही मिनिटांत. कारण साधं आहे. पाणी उकळलं की त्याचं तापमान १०० अंशांच्या आसपासच थांबतं, कितीही आच वाढवा, पण कढईतलं तेल सहज १७०-१८० अंशांपर्यंत जातं. त्यामुळे पाण्यात शिजणाऱ्या बटाट्याला दोन मिनिटं जास्त झाली तर काहीही होत नाही, पण तेलात पडलेल्या जिऱ्याला वीस सेकंद जास्त झाली की ते काळं आणि कडू. आणि नेमकं त्या वीस सेकंदात तुम्ही हळदीचा डबा शोधत असता, किंवा लसूण अजून सोलायचाच असतो.

म्हणून रेसिपी वाचताना मी एकच गोष्ट शोधायला सांगतो, तेलाचा वेळ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. त्या वेळात जे जे कढईत जाणार ते सगळं गॅस पेटवायच्या आधी चिरून, मोजून, हाताशी पाहिजे. बाकीच्याला थोडी सूट आहे, ती कुठे ते पुढे येईलच.

आता नुसतं बोलण्यापेक्षा एक रेसिपीच घेऊ. अगदी नेहमीची, बटाटा-मटारची रस्साभाजी, आणि ती जशी लिहिलेली सापडते तशीच ठेवतो, सुधारत नाही:

साहित्य: ३ मध्यम बटाटे, १ कप मटार, २ कांदे बारीक चिरून, ३ टोमॅटो बारीक चिरून, ६ लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, १ टीस्पून जिरं, १ टीस्पून तिखट, पाव टीस्पून हळद, २ टीस्पून धणेपूड, ३ टेबलस्पून तेल, मीठ, कोथिंबीर.

कृती: तेल तापवून जिरं घाला. कांदा सोनेरी होईपर्यंत परता. आलं-लसूण घालून परता. सुके मसाले घाला, मग टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत परता. बटाटे, मटार आणि दीड कप गरम पाणी घालून झाकण ठेवून १५-२० मिनिटं शिजवा. वरून कोथिंबीर घाला.

वाचायचं कसं

पहिल्यांदा नुसतं शेवटपर्यंत वाचून काढा, काही करू नका. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन फक्त कृती वाचा आणि प्रत्येक वेळी कढईत काही पडतंय तिथे एक आकडा टाका. वरच्या कृतीत जिरं १, कांदा २, आलं-लसूण ३, सुके मसाले ४, टोमॅटो ५, बटाटे-मटार-पाणी ६, कोथिंबीर ७. हे सात आकडे म्हणजेच तुमच्या ओट्यावरची मांडणी. साहित्याच्या यादीत तेरा गोष्टी दिसतात आणि माणूस घाबरतो, पण कढईला फक्त सात वेळा हात लागणार आहे.

तिसऱ्या वाचनात साहित्याची यादी आणि कृती समोरासमोर ठेवून जुळवा, यादीतली प्रत्येक गोष्ट कृतीत कुठे येते ते बघा. इथे लगेच एक भोक सापडतं, मीठ यादीत आहे पण कृतीत कुठेच नाही. लिहिणाऱ्याला ते सांगायची गरज वाटली नाही, कारण त्याचा हात आपोआप जातो. तुमचा जाणार नाही. त्यामुळे आत्ताच ठरवून टाका, अर्धा टीस्पून टोमॅटोबरोबर (मिठाने टोमॅटोतलं पाणी लवकर सुटतं, तो पटकन गळतो) आणि अर्धा टीस्पून बटाट्याबरोबर, मग शेवटी चव बघून लागलं तर अजून. आणि हे पेन्सिलीने आकडा ५ आणि ६ च्या शेजारी लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका.

दुसरी लपलेली गोष्ट 'गरम पाणी'. म्हणजे टोमॅटो परतून होईपर्यंत दुसऱ्या बर्नरवर किंवा किटलीत पाणी तापलेलं असायला हवं. गार पाणी ओतलं तर भाजी फुकट जाते असं काही नाही, फक्त उकळी परत यायला वेळ लागतो आणि रेसिपीत दिलेली वेळ चुकते. तिसरी म्हणजे बटाटे सोलायचे की नाही, केवढे चिरायचे, हे लिहिलेलंच नाही. अशा वेळी शिजायच्या वेळेवरून अंदाज काढायचा, झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटांत शिजायला हवेत तर साधारण २ सेंटीमीटरच्या फोडी हव्यात, अख्खे किंवा अर्धे बटाटे एवढ्यात शिजत नाहीत.

मापं वाचताना दोन ठिकाणी जपा. टीस्पून म्हणजे ५ मिली आणि टेबलस्पून म्हणजे १५ मिली, दोन्हीला आपण बोलताना 'चमचा' म्हणतो आणि तिथेच तिखट तिप्पट पडतं. दुसरं म्हणजे 'चिरून' हा शब्द कुठे बसलाय ते. '१ कप कोथिंबीर, चिरून' असेल तर आधी कप भरायचा मग चिरायची, आणि '१ कप चिरलेली कोथिंबीर' असेल तर चिरून मग कप भरायचा, चिरल्यावर पाला बसतो त्यामुळे दुसऱ्या प्रकारात बरीच जास्त लागते. कोथिंबिरीला फरक पडत नाही म्हणा, पण पालकाला किंवा कोबीला पडतो.

आणि वेळ. रेसिपीवर '३० मिनिटं' लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा सगळं चिरलेलं आहे असं धरून. ज्याचा हात सुरीवर बसलेला नाही त्याला वरचं सगळं सोलून चिरायलाच अर्धा तास सहज लागतो, म्हणजे जेवायची वेळ ठरवताना एक तास धरा. कृतीतल्या मिनिटांपेक्षा खुणेवर जास्त विश्वास ठेवा. 'सोनेरी होईपर्यंत' ही खूण आहे आणि 'पाच मिनिटं' हा अंदाज आहे, आणि कांद्याच्या बाबतीत तो अंदाज बऱ्याच रेसिप्यांमध्ये फारच कमी दिलेला असतो. कांदा बहुतांश पाणीच असतो, ते पाणी उडून जाईपर्यंत त्याला रंग येणारच नाही, दोन कांद्यांना मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं लागणं अगदी नॉर्मल आहे.

चिरायचा क्रम हा घालायच्या क्रमापेक्षा वेगळा

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. कढईत जिरं, कांदा, लसूण असा क्रम आहे म्हणून चिरतानाही कांद्यापासून सुरू करतात, आणि मग कोथिंबिरीला कांद्याचा वास आणि ओल्या बोर्डावर सगळा चिखल. चिरताना कोरडं आधी आणि ओलं, वासाचं, तिखट नंतर, एवढंच बघायचं, म्हणजे बोर्ड मधे मधे धुवावा लागत नाही. (मांस-मासे असतील तर ते सगळ्यात शेवटी किंवा वेगळ्या बोर्डावर, आणि त्यानंतर बोर्ड, सुरी, हात तिन्ही साबणाने, हा नियम बाकी सगळ्याच्या वर.)

बोर्डाखाली ओलं करून पिळलेलं फडकं ठेवा म्हणजे तो सरकत नाही. सरकणारा बोर्ड आणि बोथट सुरी या दोन गोष्टींनी बोटं कापतात, धारदार सुरीने त्यामानाने कमी, कारण जोर लावावा लागत नाही. शेजारी सालं टाकायला एक मोठं भांडं ठेवा, दर वेळी डस्टबिनपर्यंत जायचं नाही.

सगळ्यात आधी सगळं धुऊन घ्या आणि सगळं सोलून घ्या, मग सुरी हातात. सोलणं आणि चिरणं आलटून पालटून केलं की दुप्पट वेळ जातो. आता कोथिंबीर, ती नीट निथळलेली असेल तर पहिली, चिरून झाकून बाजूला. मग बटाटे, २ सेंटीमीटरच्या फोडी, आणि त्या लगेच पाण्यात बुडवून ठेवायच्या, हवा लागली की चिरलेला बटाटा काळपट पडतो, पाण्यात राहिला तर पडत नाही. मग लसूण आणि आलं, दोन्ही बारीक चिरून एकत्र. मग कांदा. मग टोमॅटो, तो सगळ्यात ओला, त्याचा रससुद्धा बोर्डावरून वाडग्यात घ्या, टाकू नका. हिरवी मिरची असती तर ती अगदी शेवटी, आणि त्यानंतर हात धुवेपर्यंत डोळ्यांना लावायचा नाही.

बारीक म्हणजे किती बारीक याची फार चिंता करू नका, सारखं किती आहे याची करा. कांद्याचे तुकडे अर्धा सेंटीमीटरचे आले काय किंवा थोडे मोठे आले काय, भाजी होते. पण त्यातले निम्मे भुग्यासारखे आणि निम्मे मोठे असतील तर भुगा जळेपर्यंत मोठे तुकडे कच्चेच असतात आणि मग तुम्हाला कळत नाही की गॅस कमी करायचा की वाढवायचा. बटाट्याचंही तेच, एक फोड विरघळते आणि दुसरी मधे कडक राहते. चिरून झाल्यावर वाडग्याकडे एकदा बघा आणि जे दोन-चार तुकडे उगाच मोठे दिसतात ते परत बोर्डावर घ्या, एक मिनिटाचं काम आहे.

किती आधी चिरून ठेवावं? या भाजीसाठी अर्धा-पाऊण तास आधी चिरलेलं काहीही चालतं. सकाळी चिरून संध्याकाळी करायचं असेल तर कांदा आणि लसूण झाकून फ्रिजमध्ये राहतात खरे पण त्यांचा वास उग्र होत जातो, मला तो नकोसा वाटतो. मीठ मात्र चिरलेल्या कशालाच आधी लावून ठेवू नका, पाणी सुटतं आणि मग परतायचं सोडून ते वाफवलं जातं.

वाडग्यात काय काय एकत्र

नियम सोपा: कढईत जे एका वेळी पडणार ते एका वाडग्यात, आणि जे वेगळ्या वेळी पडणार ते वेगळं, भले ते कितीही थोडं असो.

तिखट, हळद, धणेपूड हे तिन्ही आकडा ४ मध्ये आहेत, म्हणजे एकच छोटी वाटी. यात मी दोन टेबलस्पून पाणी घालून पातळसर पेस्ट करून ठेवायला सांगेन, खास पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी. सुकी पूड गरम तेलात पडली की काही सेकंदात करपू शकते, पेस्टमध्ये पाणी असल्यामुळे ते उडेपर्यंत मसाल्याला थोडी उसंत मिळते, तुम्हालाही मिळते. जिरं मात्र कोरडं आणि स्वतंत्र वाटीत, ओलं जिरं तेलात उडतं.

लसूण कांद्याच्या वाडग्यात टाकायचा मोह होतो, तो टाळा. कांद्याला दहा मिनिटं लागतात, बारीक चिरलेल्या लसणाला एक मिनिट पुरतं. एकत्र टाकले तर कांदा सोनेरी होईपर्यंत लसूण तपकिरीच्या पुढे गेलेला असतो आणि त्याचा कडूपणा रश्शातून काढता येत नाही. रेसिपीत 'कांदा-लसूण परता' असं एकाच वाक्यात लिहिलेलं असलं तरी मी दोन वाडगे करीन.

मटारचं बघा आता. रेसिपीत बटाटे आणि मटार एकदम घातलेत, ते ताज्या मटारला ठीक आहे. फ्रोझन मटार आधीच थोडे वाफवून गोठवलेले असतात, त्यांना पाचेक मिनिटं बास, बटाट्याबरोबर पंधरा-वीस मिनिटं शिजवले तर रंग जातो आणि सुरकुततात. तर फ्रोझन असतील तर त्यांचा वाडगा वेगळा आणि आकडा ६ च्या पुढे नवीन आकडा, 'झाकण उघडून, शेवटची ५ मिनिटं'. रेसिपीवर असं लिहायला काहीच हरकत नाही, ती दगडावर कोरलेली नाहीये.

आणखी एक, जरा आतली गोष्ट. टोमॅटो आंबट असतो आणि आंबटात बटाटा मऊ व्हायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे साध्या पाण्यात या फोडी बारा मिनिटांत शिजत असतील तर या रश्शात पंधरा ते वीस लागू शकतात, रेसिपी चुकीची आहे किंवा बटाटे खराब आहेत असं समजू नका, सुरीचं टोक आरामात आत जातंय का ते बघा. घाई असेल तर फोडी आधीच उकडून ठेवता येतात, पण मग ते काम यादीत सगळ्यात वर जातं.

ओट्यावर मांडणी

आता वाडगे आकड्यांच्या क्रमाने एका ओळीत, कढईपासून हातभर अंतरावर, ज्या हाताने तुम्ही घालणार त्या बाजूला. उजव्या हाताचे असाल तर कढईच्या उजवीकडे, १ नंबर कढईच्या सगळ्यात जवळ. वाडगे बर्नरच्या पलीकडे मागे ठेवायचे नाहीत, तिथून घ्यायला पेटलेल्या गॅसवरून हात न्यावा लागतो. डाव्या बाजूला रिकामी जागा सोडा, वापरून झालेला वाडगा तिकडे जाईल. ही रिकामी जागा फार कामाची, कारण उजवीकडे जे उरलंय तेच अजून घालायचं राहिलंय हे नुसतं बघून कळतं.

एवढे वाडगे घरात नसतील तर एकाच मोठ्या ताटात ढीग घाला, कांद्याचा, आलं-लसणाचा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने क्रमाने. फक्त टोमॅटो आणि बटाटे यांना स्वतःचं भांडं हवं, ते ओले असतात आणि ओलावा लसणात गेला की तेलात टाकताना तडतडून हातावर उडतं.

वाडग्यांशिवाय ओट्यावर लागणाऱ्या गोष्टी: मोजलेलं तेल, मोजलेलं मीठ, उलथनं, कढईवर बसणारं झाकण (बसतंय का ते आत्ताच ठेवून बघा), उलथनं टेकवायला एक बशी, कढई धरायला कोरडं फडकं, आणि पेलाभर साधं पाणी. हे पेलाभर पाणी रेसिपीत कधीच नसतं. मसाला तळाला धरायला लागला, वास बदलतोय असं वाटलं, की त्यातलं दोन चमचे कढईत, तापमान लगेच खाली येतं. फडकं आचेपासून लांब, कढईचा दांडा असेल तर तो आतल्या बाजूला वळवलेला.

मग एक कोरडी तालीम. गॅस बंदच, वाडग्यांवर बोट ठेवत तोंडाने म्हणा, तेल, जिरं, कांदा सोनेरी होईपर्यंत, आलं-लसूण एक मिनिट, मसाला अर्धा मिनिट, टोमॅटो आणि मीठ, तेल सुटेपर्यंत, बटाटे, गरम पाणी, मीठ, झाकण. वेड्यासारखं वाटतं थोडं. पण जे राहिलंय ते इथेच सापडतं, मोजायचं राहिलेलं मीठ, तापत न ठेवलेलं पाणी, दुसऱ्याच खोलीत असलेलं झाकण. आणि बटाट्याच्या फोडींचं पाणी काढून टाकायचं राहिलंय का तेही बघा, ते पाणी धरून दीड कप ओतलं की रस्सा पांचट होतो.

आता पेटवा. कढई, तेल, मध्यम आच. एक-दोन दाणे जिरं टाकून बघा, लगेच बुडबुडे येऊन तडतडले तर बाकीचं घाला, नुसतेच तळाशी बसले तर थांबा.

तरीही काही चुकलं तर

तेलाच्या वेळात काही सापडत नसेल तर शोधायच्या आधी गॅस बंद करायचा, बारीक नाही, बंद. जाड बुडाची कढई गरमच राहते त्यामुळे सुके मसाले आत असतील तर गॅस बंद करून वर पेल्यातलं थोडं पाणीसुद्धा. परत पेटवून पुढे चालू केलं तर भाजीला काही होत नाही.

वाडगा ओळीत राहून गेला आणि पुढचा पडला, असंही होतं. आलं-लसूण राहिलं आणि टोमॅटो पडला तर आता ते त्यात टाकून परतलं जाणार नाही, उकडलं जाईल आणि कच्चट लागेल, त्यापेक्षा छोट्या कढल्यात चमचाभर तेलात एक मिनिट परतून वरून ओता. जिऱ्यालाही हाच उपाय. हळद-तिखट राहिलं असेल तर तेही असंच, मंद आचेवर काही सेकंद, नुसतं पाण्यात भुरभुरलं तर चव कच्ची राहते. मीठ कधीही घाला. जिरं मात्र काळं झालं असेल तर पुढे जाऊ नका, ते तेल टाका (गार झाल्यावर), कढई पुसा आणि पुन्हा सुरू करा, एक चमचा जिरं आणि थोडं तेल गेलं, कांदा-टोमॅटो अजून वाडग्यातच आहेत.

पाणी घालून झाकण ठेवलं की तेलाचा वेळ संपला. पुढची पंधरा-वीस मिनिटं मोकळी असतात, त्यात बोर्ड आणि वाडगे धुवून होतात. आधी म्हटलेली सूट ती हीच, कोथिंबीर खरंतर आता चिरली तरी चालते, दोन-तीनदा भाजी करून झाली की मटार सोलणंही दहा-बारा मिनिटांच्या कांद्याच्या वेळात बसवता येतं, एक हात उलथन्यावर ठेवून. पहिल्या वेळी मात्र नको, कारण कांदा परतताना खाली बघून मटार सोलत बसलं की कडेचे तुकडे कधी काळे झाले ते कळत नाही. झाकण दहाव्या मिनिटाला एकदा उघडा, तळाला लागलंय का बघा, मोठ्यात मोठी फोड शोधून तिच्यात सुरीचं टोक घाला, फ्रोझन मटार असतील तर फोड जवळजवळ मऊ झाल्यावर टाका, आणि रेसिपीच्या कागदावर खरी लागलेली मिनिटं छापलेल्या मिनिटांच्या शेजारी लिहून ठेवा, तुमचा गॅस, तुमची कढई आणि तुमच्या फोडी यांचा हिशोब त्या आकड्यांत असतो.